हरिपाठावर क्लेम टाकणाऱ्या म्युझिक कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
म्युझिक कंपन्या आणि डिजिटल डिस्ट्रिब्युटर यांच्याकडे कॉपीराइट क्लेमचं काम बघणारे सर्व साहेब आणि मॅडम

विषय: भजन-कीर्तनाच्या लाइव्ह रेकॉर्डिंगवर पडणारे क्लेम आणि डिस्प्यूटला येणारी छापील उत्तरं

रामकृष्ण हरी.

मी एका छोट्या गावातल्या भजनी मंडळाचं यूट्यूब चॅनेल सांभाळतो. गाव सातारा जिल्ह्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हा प्रकार फक्त आमच्याकडेच चाललाय असं नाही. आमच्याकडे दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो, म्हणजे पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, जागर आणि शेवटच्या दिवशी काला. गावातली निम्मी पोरं पुण्या-मुंबईला, काही सुरतला, दोघं-तिघं दुबईत, आई-बाप मंडपात आणि पोरं तिकडे मोबाईलला चिकटलेली, म्हणून हे चॅनेल काढलं. तेव्हाच बैठकीत ठरलं की हरिनामावर जाहिरातीचा पैसा नको, म्हणून आम्ही मॉनिटायझेशनचा अर्जच केलेला नाही.

यंदा सप्ताह उरकला, मंडपवाल्याचा हिशोब झाला, मग निवांत बसून यूट्यूब स्टुडिओ उघडला तर हरिपाठाच्या व्हिडिओवर तुमच्यातल्या एका कंपनीचा क्लेम आणि काल्याच्या कीर्तनावर कुठल्यातरी डिस्ट्रिब्युटरचा क्लेम. डिस्ट्रिब्युटरचं नाव आमच्यापैकी कोणी आयुष्यात ऐकलेलं नाही, 'अमुक यांच्या वतीने तमुक' असं काहीतरी. मंडळाच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला आणि मग जे व्हायचं तेच झालं, कोण म्हणे चॅनेल गेलं, कोण म्हणे पोलीस येणार का, आमचे विणेकरी अप्पा तर दुसऱ्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, "बाळा, आपण कुणाचं चोरलं रे?"

हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे. आधी गावाला समजावलं तेच इथे थोडक्यात लिहितो, बाकीच्या मंडळांनाही उपयोगी पडेल. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे. क्लेम हा कंटेंट आयडी नावाच्या यंत्रणेतून येतो. कंपनी आपल्या गाण्याची फाइल यूट्यूबकडे देते, त्याला रेफरन्स म्हणतात, आणि मग चढणारा प्रत्येक व्हिडिओ त्या फाइलींशी ताडून बघितला जातो, नुसता नवा नाही, आधी चढलेला जुना पण. म्हणूनच कधीकधी कितीतरी जुन्या व्हिडिओवर अचानक क्लेम येतो, व्हिडिओत काही बदललेलं नसतं, कंपनीने नवी फाइल दिलेली असते. जुळलं की तीनातलं एक होतं: व्हिडिओ बंद, किंवा त्यावरच्या जाहिरातीचा पैसा कंपनीला, किंवा नुसती नजर. याने चॅनेल जात नाही. चॅनेल जातं ते स्ट्राइकने, ९० दिवसांच्या आत तीन झाले तर. आणि स्ट्राइक तेव्हा येतो जेव्हा तुमच्यातला कोणीतरी व्हिडिओ काढून टाका अशी कायदेशीर मागणी करतो. म्हणजे दोरी तुमच्याच हातात आहे, आणि म्हणूनच पत्र तुम्हाला.

आता मुद्द्याचं.

हरिपाठावरचा क्लेम मी उघडून बघितला. त्यात कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत जुळलंय ते दिलेलं असतं आणि तुमच्या ट्रॅकचं नाव पण असतं. मी तुमचा ट्रॅक शोधून काढला, एका कानात तो आणि एका कानात आमचा हरिपाठ लावून बसलो. तुमच्या ट्रॅकमध्ये स्टुडिओतला एक गायक, मागे कोरस, हार्मोनियम, कीबोर्ड. आमच्यात अप्पांचा घोगरा आवाज, वीसेक टाळ, एक पखवाज, आणि मधे कुणाचं तरी पोरगं रडतंय. सूर वेगळा, लय वेगळी, आमची तर शेवटी दुप्पट झालेली. तरी जुळलं कशामुळे, तर यंत्रणा नुसतं रेकॉर्डिंग जुळवत नाही, चालही जुळवते. आणि चाल सारखी असणारच हो! ती आळंदीत तीच, पंढरपुरात तीच आणि आमच्या गावात पण तीच, तुमच्या गायकाने ती जिथून उचलली तिथूनच आमच्या आज्यांनी उचलली.

कायदा काय म्हणतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, तरी लिहितो, कारण हे लोक पण वाचणारेत. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा हक्क तो गेल्यानंतर ६० वर्षं राहतो. ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली १२९६ साली. तुकोबा गेले त्याला पण पावणेचारशे वर्षं होत आली. त्यांच्या शब्दांवर आज कुणाचाच हक्क नाही, म्हणजेच सगळ्यांचा आहे. पारंपरिक वारकरी चाल कुणी बांधली हे कुणालाच माहीत नाही, तिथेही मालक नाही. राहिलं तुमचं रेकॉर्डिंग. ते तुमचं, शंभर टक्के तुमचं, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. पण तो हक्क त्या रेकॉर्डिंगपुरताच असतो, म्हणजे तुमचा आवाज उचलून कुणी आपल्या व्हिडिओत घातला तर धरा त्याला. तेच भजन आम्ही आमच्या गळ्याने, आमच्या टाळांवर म्हटलं तर ते आमचं नवीन रेकॉर्डिंग झालं आणि त्याचा तुमच्या फाइलशी काही संबंध नाही.

इथे एक गोष्ट मी स्वतःहून मान्य करतो, नाहीतर म्हणाल याला फक्त आपली बाजू दिसते. अभंगाचे शब्द तुकोबांचे असले तरी चाल आधुनिक संगीतकाराची असू शकते, आणि तिथे तुमचा क्लेम खरा ठरू शकतो. श्रीनिवास खळे यांनी संतांच्या कितीतरी रचनांना चाली दिल्या. खळेकाका २०११ साली गेले, म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत चालणार. कुठल्या भजनी मंडळाने त्यांच्या चालीत अभंग म्हणून टाकला तर 'शब्द तुकोबांचे आहेत' एवढ्यावर डिस्प्यूट टिकत नाही. पुष्कळ मंडळांची गल्लत इथेच होते, कारण रेडिओवर ऐकून ऐकून त्या चाली आता पारंपरिकच वाटायला लागल्यात. पण मग हाच फरक तुम्हीसुद्धा करा ना. संगीतकाराचं नाव असलेली चाल वेगळी, आणि दिंडीत शेकडो वर्षं चालत आलेली चाल वेगळी. रेफरन्स देताना तुम्ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून देता आणि निस्तरायचं मात्र आम्ही.

काल्याच्या कीर्तनावरच्या क्लेमचं तर हसावं का रडावं तेच कळेना. तिथे जुळलेले तुकडे बघितले तर चमत्कारिक होते, कुठे पन्नास सेकंद, कुठे दीड मिनिट, आणि नेमके अशा जागी जिथे कोणी गातच नाहीये! बुवा पाणी पितायत, किंवा एक चरण संपवून थांबलेत. मग त्या तुकड्यात ऐकू काय येतंय? तंबोरा. आमच्या हार्मोनियमवाल्याने इलेक्ट्रॉनिक तंबोरा काळी दोनला लावून साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडलेला असतो, तो कीर्तनभर घुमत राहतो. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी असाच तंबोरा तासभर रेकॉर्ड करून ध्यानधारणेचा अल्बम म्हणून तुमच्यामार्फत चढवला आणि वर कंटेंट आयडीचा टिक पण मारून ठेवला. आता त्या मशीनचा तो सूर ज्याच्या ज्याच्या व्हिडिओत उघडा पडेल तो तुमचा चोर. सा आणि प वर कुणाची मालकी लागते हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

आणि हे यूट्यूबच्या स्वतःच्या नियमातही बसत नाही. रेफरन्स म्हणून द्यायची वस्तू फक्त तुमचीच हवी, तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नको आणि ती ओळखू येण्याइतकी वेगळी हवी, असं त्यांनी लिहून ठेवलंय. सगळ्यांना वापरायला मोकळे असलेले लूप, साउंड इफेक्ट, पब्लिक डोमेनमधल्या गोष्टी तिथे चालत नाहीत. तंबोऱ्याचं मशीन बाजारात कुणालाही मिळतं, मग तो आवाज फक्त तुमच्या गिऱ्हाइकाचा कसा? बाकीच्या मंडळांना एवढंच सांगतो की क्लेम आला की पहिलं काम म्हणजे तो तुकडा हेडफोन लावून ऐका. गाण्यावर जुळलंय, चालीवर जुळलंय, का नुसत्या तंबोऱ्यावर, तबल्याच्या लूपवर जुळलंय, हे त्या दोन मिनिटांत कळतं आणि पुढे काय करायचं ते त्यावरच ठरतं.

आता डिस्प्यूट. हरिपाठाचा मी केला. कारण निवडताना तिथे 'पब्लिक डोमेन' असा पर्याय दिसतो आणि हात आपोआप तिकडे जातो, संतवाङ्मय आहे म्हटल्यावर. मी तो निवडला नाही. तो निवडला की तुमचा माणूस एवढंच बघतो की आमचं रेकॉर्डिंग तर नवं आहे, पब्लिक डोमेन कसलं, आणि एका क्लिकमध्ये फेटाळून मोकळा. म्हणून मी 'सगळा कंटेंट आमचा स्वतःचा' हे कारण घेतलं आणि खाली सरळ लिहिलं: आवाज आमच्या मंडळाचे, वाद्यं आमची, रेकॉर्डिंग आमच्या मंडपातलं, तुमच्या ट्रॅकचा एक सेकंदही यात वाजलेला नाही, शब्द तेराव्या शतकातले, चाल पारंपरिक, तुमच्या ट्रॅकवर या चालीचा संगीतकार म्हणून कुणाचं नाव असेल तर कळवा. इंग्रजीत पण लिहिलं आणि मराठीत पण.

डिस्प्यूटला उत्तर द्यायला तुम्हाला ३० दिवस असतात. तुम्ही गप्प बसलात तर क्लेम आपोआप सुटतो. तुम्ही गप्प बसला नाहीत, पण बोललात असंही म्हणता येणार नाही, कारण आलं ते उत्तर छापील: तपासणी केली, क्लेम योग्य आहे. बस. कोणता संगीतकार, नाव नाही. व्हिडिओ कुणी ऐकला, पत्ता नाही. मी विचारलेल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. ज्याने पहिले दहा सेकंद जरी ऐकले असते त्याला कळलं असतं की हा स्टुडिओ नाही, मंडप आहे.

यानंतरची पायरी अपील, आणि आमच्यासारखे लोक गळपटतात ते इथे. अपील करायचं तर स्वतःचं नाव आणि पत्ता द्यावा लागतो आणि तो तुमच्याकडे जातो. तुम्हाला उत्तराला ७ दिवस. त्यात तुम्ही क्लेम सोडू शकता, किंवा मग थेट व्हिडिओ काढायची मागणी करू शकता आणि तसं झालं की आमच्या चॅनेलवर स्ट्राइक. त्यावर आमच्याकडे काउंटर नोटिफिकेशन हा एक मार्ग राहतो, मग तुम्हाला कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत येऊ शकतो. कागदावर सगळं न्याय्य दिसतं. पण ज्या गावात स्क्रीनशॉट बघून पोलीस येणार का असं विचारतात तिथे 'अपील करू, फार तर स्ट्राइक येईल, मग काउंटर टाकू' हे कुणाला पटवायचं? मंडळाचे अध्यक्ष सरळ म्हणाले, डिलीट कर तो व्हिडिओ, कशाला झंझट. बहुतेक मंडळं हेच करतात. तुमच्या खात्यात त्याची नोंद बहुतेक 'वाद नाही' अशी होत असेल.

यूट्यूबचा स्वतःचाच आकडा बघा. २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत कंटेंट आयडीने ७२ कोटींच्या वर क्लेम टाकले, त्यातल्या साधारण ३७ लाखांवर डिस्प्यूट झाले, म्हणजे शंभरात एक सुद्धा नाही. पण जे झाले त्यातले ६० टक्के व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूने सुटले. तुमचे लोक पहिला आकडा दाखवतात की बघा, कुणाची तक्रारच नाही. मला दुसरा दिसतो. तक्रार करायची हिंमत केली तर निम्म्याहून जास्त वेळा क्लेमच टिकला नाही.

जाहिरातीचं राहिलंच. आमच्या हरिपाठाच्या व्हिडिओवर तुम्ही पैसे घ्यायची पॉलिसी लावली. मॉनिटायझेशन नसलेल्या चॅनेलवर यूट्यूब स्वतःही कधी जाहिरात लावतं, हे मला माहितीये, त्यामुळे प्रत्येक जाहिरातीचा दोष तुमच्यावर टाकत नाही. पण क्लेमच्या माहितीत स्वच्छ लिहिलंय की कमाई क्लेम करणाऱ्याला. म्हणजे मंडळाने हात जोडून नाकारलेला पैसा तुम्ही घेताय, आणि तोही अप्पांच्या आवाजावर. अप्पांच्या सुनेने मोबाईल आणून दाखवला, हरिपाठ ऐन रंगात आणि मधेच पाच मिनिटात कर्ज देणाऱ्या ॲपची जाहिरात. अप्पा काही बोलले नाहीत, ते सूनच बोलली, ते इथे लिहिता येणार नाही.

ज्यांचं चॅनेल मॉनिटाइज आहे त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो, क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट टाकला तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवतात, उशीर केला तर डिस्प्यूट टाकल्यापासूनचेच. सप्ताहाच्या धावपळीत पाच दिवस कसे जातात कळत पण नाही, म्हणून एका पोराला रोज स्टुडिओ बघायचं काम लावून द्या.

आता तुमच्या लोकांचं ठरलेलं उत्तर, की एवढा त्रास होतोय तर तेवढं म्युझिक बदला ना, सोय दिलेली आहे. आहे सोय, आणि ती मी वापरलेली पण आहे, म्हणून सांगतो कुठे चालते आणि कुठे नाही.

दुसऱ्या एका कीर्तनाच्या सुरुवातीला मंडपातल्या स्पीकरवर साउंडवाल्याने एक प्रसिद्ध भक्तिगीत लावलं होतं, लोक जमेपर्यंत. कॅमेरा चालू होता, ते गाणं रेकॉर्ड झालं आणि त्यावर क्लेम आला. हा क्लेम खरा, मी एक शब्द बोललो नाही. तिथे तीन वाटा असतात. तेवढा भाग कापून टाकायचा, किंवा त्या भागातलं गाणं पुसायचं, किंवा यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतला दुसरा ट्रॅक तिथे घालायचा. बदल झाला की क्लेम आपोआप निघतो आणि लिंक, व्ह्यूज, कमेंट सगळं जागच्या जागी राहतं, परत अपलोड करायला नको. मी आधी गाणं पुसायचा पर्याय करून बघितला. त्यात दोन प्रकार आहेत, त्या भागाचा सगळाच आवाज बंद किंवा फक्त गाणं काढून बोलणं ठेवायचं. दुसरा ऐकायला भारी वाटतो, पण मंडपात जिथे स्पीकर, माणसांची गडबड आणि कुणीतरी पखवाजाची शाई थापून बघतंय असं सगळं एकत्र असतं तिथे गाण्याबरोबर पखवाज पण गेला आणि बोलणं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू यायला लागलं. म्हणून शेवटी तो भाग कापलाच. कापलं की पुढच्या सगळ्या वेळा सरकतात, त्यामुळे डिस्क्रिप्शनमध्ये दिलेले टाइमस्टॅम्प नवीन लिहावे लागले, नाहीतर दुबईचा पोरगा 'माझ्या आजीचा अभंग' म्हणून क्लिक करणार आणि भलतीकडेच उतरणार. सेव्ह केल्यावर लगेच पण काही होत नाही, लांब व्हिडिओला कितीतरी तास लागतात, तोपर्यंत जुनाच दिसत राहतो. हे सगळं कंप्युटरवर बसून करायचं काम आहे, मोबाईलवर खटपट करत बसू नका.

पण हरिपाठात काय बदलू? तिथे म्युझिक मागे नाहीये, म्युझिक म्हणजेच हरिपाठ. अप्पांचा आवाज काढून त्या जागी लायब्ररीतली गिटार घालू? की तेवढा भाग म्यूट करून टाकू म्हणजे वीस माणसं पाच मिनिटं नुसती टाळ हलवताना दिसतील? लग्नाच्या व्हिडिओला मागे लावलेलं गाणं बदलता येतं, भजनातलं भजन बदलता येत नाही. तंबोऱ्याच्या बाबतीत तर अजून कठीण, तो कीर्तनभर आहे, बुवांच्या आवाजात मिसळलेला. तेवढे तुकडे म्यूट केले तर बुवांच्या प्रत्येक थांबण्याला आवाज मेल्यासारखा वाटेल, आणि कीर्तनात थांबण्याला पण अर्थ असतो. शिवाय त्या काल्याच्या व्हिडिओने लाखाचा आकडा ओलांडलाय, आणि मॉनिटायझेशन नसलेल्या चॅनेलवर लाखाच्या वर व्ह्यूज गेले की असे बदल सेव्हच होत नाहीत, चेहरा धूसर करण्याव्यतिरिक्त. म्हणजे पैसे नकोत म्हटलं म्हणून बदलायची सोय पण गेली, आता डिस्प्यूट नाहीतर डिलीट.

म्हणून मागण्या. कुठलीही तुम्हाला अशक्य नाही, उलट तुमच्या कंटेंट आयडीच्या खात्यात याची बटणं आधीच आहेत.

ज्या ट्रॅकमध्ये शब्द संतांचे आणि चाल पारंपरिक आहे तो चालीवर जुळवू नका, फक्त तुमच्या रेकॉर्डिंगवर जुळवा. आणि अशा ट्रॅकचा क्लेम आपोआप पडू देऊ नका, माणसाने ऐकून मग टाकायचा असं लावा. तशी सोय तुमच्याकडे आहे, जुळलेलं आधी तपासणीला पाठवायचं असं पॉलिसीत लिहिता येतं.

तंबोरा, तबल्याचे लूप, घंटा, शंख, टाळांचा ठेका, हे रेफरन्समधून वगळा. फाइलीतला तेवढा भाग वगळता येतो. आणि डिस्ट्रिब्युटरांनो, नुसत्या तंबोऱ्याचा अल्बम घेऊन येणाऱ्याला कंटेंट आयडीचा टिक मारूच देऊ नका. एका वर्षाची फी घेऊन तुम्ही टिक देता, त्याचा हिशोब गावोगावची मंडळं चुकती करतायत.

डिस्प्यूट फेटाळायचा असेल तर कारण लिहा. चाल कुणाची, संगीतकार कोण, कोणत्या वर्षीची, आणि आमच्या व्हिडिओत कुठल्या मिनिटाला तुमचं काय वाजतंय. हे लिहिता येत नसेल तर तो क्लेम टिकत नाही हे तुम्हालाही कळलेलं असतं. आणि मराठी डिस्प्यूट मराठी येणाऱ्या माणसाने वाचावा, एवढी गाणी मराठीत विकता तर एक माणूस ठेवायला काय हरकत आहे.

अपील आल्यावर न ऐकता व्हिडिओ काढायची मागणी करू नका. खोटी धमकी देणाऱ्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची तरतूद आपल्याच कॉपीराइट कायद्याच्या ६० व्या कलमात आहे, हे पण मंडळांनी लक्षात ठेवावं. आम्हाला कोर्टात जायची हौस नाही, सप्ताहाची वर्गणी गोळा करतानाच नाकी नऊ येतात.

आणि ज्या चॅनेलचा क्लेम एकदा चुकीचा म्हणून सोडलाय त्या चॅनेलला मोकळं करून ठेवा. तशी यादी तुमच्याकडे करता येते. नाहीतर पुढच्या सप्ताहाला हाच हरिपाठ, हाच क्लेम आणि हाच डिस्प्यूट.

आमचं सध्याचं सांगतो. हरिपाठाचं अपील मी टाकलंय, स्वतःच्या नावाने आणि घरच्या पत्त्याने, मंडळाचं नाव न घालता, म्हणजे काही झालं तर ते माझ्या नावावर. अध्यक्षांना सांगूनच टाकलंय. काल्याच्या कीर्तनाचा डिस्प्यूट पण गेलाय, त्यात तंबोऱ्याच्या मशीनचा फोटो काढून त्याची लिंक दिलीये, आणि बुवा पाणी पितायत ते मिनिट लिहून दिलंय. दोन्हीकडे तुमच्या उत्तराची मुदत चालू आहे. छापील उत्तर पाठवणार असाल तर त्या आधी हेडफोन लावून एकदा ते मिनिट ऐका, आणि मग त्यात तुमचं काय आहे ते मला लिहून कळवा.

आपला,
एका भजनी मंडळाचा कॅमेरावाला